प्रोसेसरचा प्रक्रियाकाल आणि क्लॉक वारंवारतेची मर्यादा

प्रक्रियाकाल म्हणजे एखादा प्रोग्राम सुरू झाल्यापासून पूर्ण होईपर्यंत संगणकाच्या प्रोसेसरने त्यासाठी खर्च केलेला वेळ होय. हा वेळ तीन राशींच्या गुणाकाराइतका असतो: प्रोग्रामने पार पाडलेल्या आज्ञांची संख्या, प्रत्येक आज्ञेमागे सरासरीने खर्च झालेली क्लॉकची चक्रे आणि एका चक्राचा कालावधी. संगणक-रचनाशास्त्रात या संबंधाला ‘प्रोसेसर कामगिरीचा लोहनियम’ असेही म्हणतात. प्रोसेसरच्या खोक्यावर छापलेली गिगाहर्ट्झमधील वारंवारता या तिन्हींपैकी केवळ शेवटची राशी सांगते. त्यामुळे जास्त वारंवारतेचा प्रोसेसर अधिक वेगवान असेलच असे नाही. इ.स. २००० ते २००६ या काळातील ‘पेंटियम ४’ प्रोसेसरचा इतिहास हे याचे ठळक उदाहरण आहे.

## सूत्र

प्रक्रियाकालाचे सूत्र पुढीलप्रमाणे मांडतात:

प्रक्रियाकाल = आज्ञासंख्या × प्रति आज्ञा चक्रे × चक्रकाल

या सूत्रातील एकके अपूर्णांकांच्या गुणाकाराप्रमाणे एकमेकांना छेदतात. पहिल्या राशीचे एकक ‘आज्ञा प्रति प्रोग्राम’, दुसरीचे ‘चक्रे प्रति आज्ञा’ आणि तिसरीचे ‘सेकंद प्रति चक्र’ असे आहे. गुणाकारात आज्ञा आणि चक्रे निघून जातात आणि ‘सेकंद प्रति प्रोग्राम’ उरते. म्हणजेच हा संबंध प्रयोगातून हाती आलेला नियम नसून व्याख्येतूनच निघणारे समीकरण आहे. तो कोणत्याही प्रोसेसरला आणि कोणत्याही प्रोग्रामला लागू पडतो.

चक्रकाल हा वारंवारतेचा व्यस्त असतो. १ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या प्रोसेसरचे क्लॉक सेकंदाला १०० कोटी चक्रे पूर्ण करते, म्हणून त्याचा चक्रकाल १ नॅनोसेकंद असतो. २ गिगाहर्ट्झला तो अर्धा नॅनोसेकंद आणि ४ गिगाहर्ट्झला पाव नॅनोसेकंद होतो.

## तीन राशी

आज्ञासंख्या म्हणजे प्रोग्राम चालताना प्रत्यक्षात पार पडलेल्या आज्ञांची संख्या. प्रोग्रामच्या मजकुरात लिहिलेल्या ओळींशी तिचा थेट संबंध नाही, कारण एकच ओळ आवर्तनात कोट्यवधी वेळा चालू शकते. ही राशी प्रोग्रामची पद्धत, कंपायलर आणि प्रोसेसरचा आज्ञासंच या तीन गोष्टींवर अवलंबून असते. क्लॉकचा वेग बदलल्याने ती बदलत नाही.

प्रति आज्ञा चक्रे ही सरासरी आहे. साधी बेरीज एका चक्रात उरकते, भागाकाराला अनेक चक्रे लागतात आणि मुख्य स्मृतीतून माहिती मागवावी लागली तर शेकडो चक्रे वाट पाहण्यात जातात. उलट, एकाच चक्रात अनेक आज्ञा हाती घेणाऱ्या आधुनिक प्रोसेसरमध्ये ही सरासरी १ पेक्षा कमीही असते. ही राशी प्रोसेसरच्या अंतर्गत रचनेवर जितकी अवलंबून असते तितकीच ती चालणाऱ्या प्रोग्रामवरही अवलंबून असते. म्हणून ‘अमुक प्रोसेसरची प्रति आज्ञा चक्रे’ असे एकच कायमचे उत्तर देता येत नाही; प्रोग्रामचा उल्लेख सोबत करावाच लागतो.

चक्रकाल हा अर्धसंवाहक तंत्रज्ञानावर आणि एका चक्रात किती काम बसवायचे या रचनाकाराच्या निर्णयावर ठरतो.

या तिन्ही राशी एकमेकींपासून पूर्णपणे स्वतंत्र नाहीत. एक कमी करण्याच्या प्रयत्नात दुसरी वाढते, आणि सूत्राचा खरा उपयोग हा हिशेब तपासण्यासाठीच होतो.

## एक साधे उदाहरण

एक कोटी संख्यांची बेरीज करणारा छोटा प्रोग्राम घेऊ. त्याच्या प्रत्येक आवर्तनात चार आज्ञा आहेत असे मानू: स्मृतीतून संख्या आणणे, ती बेरजेत मिळवणे, पत्ता पुढे सरकवणे आणि शेवट आला की नाही हे तपासून परत वर जाणे. संख्या आणण्यास ३ चक्रे आणि उरलेल्या तीन आज्ञांना प्रत्येकी १ चक्र लागते. म्हणजे चार आज्ञांना ६ चक्रे, आणि प्रति आज्ञा चक्रे १.५ झाली. आज्ञासंख्या ४ कोटी आहे. प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा असेल तर

४ कोटी × १.५ × १ नॅनोसेकंद = ०.०६ सेकंद

आता कंपायलरने एका आवर्तनात चार संख्या हाताळायच्या ठरवल्या. चार वेळा संख्या आणणे, चार वेळा मिळवणे, मग एकदाच पत्ता सरकवणे आणि एकदाच तपासणे अशा दहा आज्ञा होतात. पूर्वी चार संख्यांसाठी सोळा लागत होत्या. एकूण आज्ञासंख्या २.५ कोटींवर येते. या दहा आज्ञांना १२ + ४ + १ + १ = १८ चक्रे लागतात, म्हणजे प्रति आज्ञा चक्रे १.८ होतात.

२.५ कोटी × १.८ × १ नॅनोसेकंद = ०.०४५ सेकंद

प्रति आज्ञा चक्रांचा आकडा वाढला, म्हणजे ‘बिघडला’. सेकंदाला पार पडणाऱ्या आज्ञांची संख्याही घटली. तरीही प्रोग्राम एक चतुर्थांश वेळ वाचवून संपला. काढून टाकलेल्या आज्ञा स्वस्त होत्या आणि उरलेल्या तुलनेने महाग, म्हणून सरासरी वाढली, इतकेच. तिन्हींपैकी एका राशीकडे पाहून निष्कर्ष काढणे का धोक्याचे आहे, हे या उदाहरणातून दिसते.

## मोजमापाची सुरुवात

१९७७ साली बाजारात आलेल्या ‘व्हॅक्स-११/७८०’ या संगणकाचा चक्रकाल २०० नॅनोसेकंद, म्हणजे वारंवारता ५ मेगाहर्ट्झ होती. हा संगणक सेकंदाला दहा लाख आज्ञा पार पाडतो असे सर्वसाधारणपणे मानले जाई आणि इतर संगणकांची तुलना त्याच्याशी केली जाई. १९८४ साली जोएल एमर आणि डग्लस क्लार्क यांनी चालू यंत्राला मोजणी-उपकरण जोडून प्रत्यक्ष गणना केली, तेव्हा एका आज्ञेमागे सरासरी १०.६ चक्रे खर्च होत असल्याचे आढळले. १०.६ ला २०० नॅनोसेकंदांनी गुणल्यास एका आज्ञेला सुमारे २.१ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे ते यंत्र सेकंदाला जेमतेम पाच लाख आज्ञा पार पाडत होते, मानलेल्या आकड्याच्या निम्म्याच.

या आणि अशा मोजणींमुळे प्रोसेसरची चर्चा तीन राशींच्या भाषेत होऊ लागली. व्हॅक्सच्या आज्ञा गुंतागुंतीच्या होत्या. एकेक आज्ञा बरेच काम करी, पण त्यासाठी चक्रेही बरीच घेई. याउलट साध्या आज्ञासंचाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे होते की आज्ञा साध्या ठेवल्यास त्यांची संख्या काहीशी वाढेल, परंतु प्रति आज्ञा चक्रे त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात घटतील. जॉन हेनेसी आणि डेव्हिड पॅटरसन यांच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पाठ्यपुस्तकाने हे सूत्र विद्यार्थ्यांच्या पिढ्यांपर्यंत पोहोचवले.

## वारंवारता वाढवण्याच्या मर्यादा

सूत्र पाहता चक्रकाल निम्मा केल्यास प्रक्रियाकालही निम्मा व्हावा असे वाटते. मात्र हे उरलेल्या दोन राशी स्थिर राहिल्या तरच खरे ठरते. आज्ञासंख्या स्थिर राहते, परंतु प्रति आज्ञा चक्रे राहत नाहीत. त्याची दोन कारणे आहेत. तिसरी मर्यादा उष्णतेची असून ती सूत्राच्या बाहेरून येते.

### स्मृतीची प्रतीक्षा

प्रोसेसरचे क्लॉक वेगवान केले तरी मुख्य स्मृती त्याबरोबर वेगवान होत नाही. तिचा प्रतिसादकाल नॅनोसेकंदांत ठरलेला असतो, चक्रांत नाही.

समजा, एका प्रोग्रामच्या १०० कोटी आज्ञा आहेत. सर्व माहिती प्रोसेसरजवळच्या वेगवान कॅश स्मृतीत सापडली तर प्रति आज्ञा १ चक्र लागते. मात्र दर शंभर आज्ञांमागे एकदा माहिती कॅशमध्ये सापडत नाही आणि ती मुख्य स्मृतीतून आणण्यास ८० नॅनोसेकंद लागतात. २ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये ८० नॅनोसेकंद म्हणजे १६० चक्रे. ती शंभर आज्ञांवर वाटली की प्रत्येकीच्या वाट्याला १.६ चक्रे येतात. म्हणून प्रति आज्ञा चक्रे २.६ होतात.

१०० कोटी × २.६ × ०.५ नॅनोसेकंद = १.३ सेकंद

आता वारंवारता दुप्पट, म्हणजे ४ गिगाहर्ट्झ केली. स्मृतीला अजूनही ८० नॅनोसेकंदच लागतात. पण आता तेवढ्या वेळात ३२० चक्रे होतात. प्रति आज्ञा चक्रे ४.२ वर जातात.

१०० कोटी × ४.२ × ०.२५ नॅनोसेकंद = १.०५ सेकंद

वारंवारता दुप्पट होऊनही वेळ जेमतेम पाचव्या हिश्शाने कमी झाला. याच हिशेबात स्मृतीची एकूण प्रतीक्षा ०.८ सेकंद आहे आणि ती क्लॉकमुळे तसूभरही हलत नाही. क्लॉक कितीही वेगवान केले तरी हा प्रोग्राम ०.८ सेकंदाच्या आत संपणार नाही. प्रत्यक्षातील प्रोसेसर वाट पाहताना पुढच्या आज्ञा हाती घेऊन यातील काही वेळ झाकतात, त्यामुळे नुकसान इतके थेट नसते. पण दिशा हीच असते.

### पाइपलाइनची लांबी

एका आज्ञेचे काम टप्प्यांत विभागून, कारखान्यातील जुळणीच्या पट्ट्याप्रमाणे एकाच वेळी अनेक आज्ञा वेगवेगळ्या टप्प्यांत ठेवण्याच्या पद्धतीला पाइपलाइन म्हणतात. टप्पे जितके लहान तितके एका चक्रातील काम कमी आणि वारंवारता जास्त. या मार्गाला दोन अडथळे आहेत.

पहिला अडथळा असा की प्रत्येक टप्प्याच्या शेवटी अर्धवट काम एका नोंदकात साठवावे लागते. हा साठवणुकीचा वेळ टप्पा लहान केल्याने लहान होत नाही. दुसरा अडथळा शाखा-आज्ञांचा आहे. ‘अट खरी असल्यास इकडे, नाहीतर तिकडे’ अशी आज्ञा आली की निकाल लागेपर्यंत थांबण्याऐवजी प्रोसेसर अंदाज बांधून पुढे जातो. अंदाज चुकल्यास पाइपलाइनमध्ये भरलेले काम टाकून द्यावे लागते. पाइपलाइन जितकी लांब तितके वाया जाणारे काम अधिक.

हे दोन्ही परिणाम एकत्र पाहण्यासाठी सोपे गृहीतक घेऊ. एका आज्ञेचे एकूण काम ५ नॅनोसेकंदांचे आहे, प्रत्येक टप्प्याची साठवणूक ०.१ नॅनोसेकंद घेते, दर शंभर आज्ञांमागे एक अंदाज चुकतो आणि चुकीमुळे टप्प्यांच्या संख्येइतकी चक्रे वाया जातात.

| टप्पे | चक्रकाल (नॅनोसेकंद) | वारंवारता (गिगाहर्ट्झ) | प्रति आज्ञा चक्रे | प्रति आज्ञा वेळ (नॅनोसेकंद) |
|---|---|---|---|---|
| १० | ०.६ | १.६७ | १.१ | ०.६६ |
| २० | ०.३५ | २.८६ | १.२ | ०.४२ |
| ४० | ०.२२५ | ४.४४ | १.४ | ०.३१५ |
| ८० | ०.१६२५ | ६.१५ | १.८ | ०.२९३ |
| १६० | ०.१३१ | ७.६२ | २.६ | ०.३४१ |

सुरुवातीला टप्पे वाढवण्याचा लाभ मोठा आहे. ४० वरून ८० टप्प्यांवर जाताना वारंवारता ३८ टक्क्यांनी वाढते, परंतु वेळ केवळ ७ टक्क्यांनी घटतो. ८० वरून १६० वर जाताना वारंवारता आणखी वाढते आणि प्रोग्राम मात्र अधिक सावकाश चालतो. गृहीतके बदलल्यास आकडे बदलतील, तरीही आलेखाचा तळ कुठेतरी येतोच. त्या बिंदूच्या पलीकडे गिगाहर्ट्झचा आकडा आणि प्रत्यक्ष वेग एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात.

### उष्णता

ट्रान्झिस्टरची अवस्था बदलताना विद्युतभार भरला आणि रिकामा केला जातो. त्यात खर्च होणारी शक्ती पुढील प्रमाणात असते:

शक्ती ∝ धारिता × व्होल्टेज × व्होल्टेज × वारंवारता

येथे धारिता म्हणजे मंडलाची विद्युतभार साठवण्याची क्षमता. व्होल्टेज या सूत्रात दोनदा येते, हे महत्त्वाचे. वारंवारता वाढवायची तर ट्रान्झिस्टर लवकर उघडले-मिटले पाहिजेत आणि त्यासाठी सहसा व्होल्टेजही वाढवावे लागते. दोन्ही २० टक्क्यांनी वाढवल्यास शक्ती १.२ × १.२ × १.२, म्हणजे सुमारे १.७३ पट होते. वेगातील २० टक्के वाढीसाठी उष्णतेत ७३ टक्के वाढ सोसावी लागते; आणि वर पाहिल्याप्रमाणे प्रोग्रामचा प्रत्यक्ष लाभ २० टक्क्यांहूनही कमी असतो.

मग १९९० च्या दशकात वारंवारता इतकी कशी वाढली? त्याचे उत्तर आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडलेल्या नियमात आहे. ट्रान्झिस्टरची लांबी, रुंदी आणि व्होल्टेज ही सर्व ०.७ पट केल्यास धारिताही ०.७ पट होते आणि वारंवारता १.४ पट करता येते. एका ट्रान्झिस्टरची शक्ती ०.७ × ०.७ × ०.७ × १.४, म्हणजे सुमारे निम्मी होते. त्याचे क्षेत्रफळही निम्मे झालेले असते. म्हणून चिपच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागील उष्णता पूर्वीइतकीच राहते आणि वाढलेला वेग जणू फुकट मिळतो.

हा क्रम व्होल्टेज उतरत राहण्यावर टिकून होता. १९९३ च्या पहिल्या पेंटियमला ५ व्होल्ट लागत. २००४ पर्यंत हा आकडा सव्वा-दीड व्होल्टच्या आसपास आला होता. तेथे गळतीचा प्रश्न आडवा आला. ट्रान्झिस्टर ज्या किमान व्होल्टेजला सुरू होतो त्याला उंबरठा-व्होल्टेज म्हणतात. पुरवठ्याचे व्होल्टेज उतरवताना वेग टिकवायचा तर हा उंबरठाही खाली आणावा लागतो. पण उंबरठा खाली आला की ‘बंद’ असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही विद्युतप्रवाह झिरपू लागतो. खोलीच्या तापमानाला उंबरठा सुमारे ६० ते १०० मिलिव्होल्टने उतरवला की ही गळती दहापट होते. ६० मिलिव्होल्ट ही या प्रकारच्या ट्रान्झिस्टरची भौतिक सीमा आहे. निर्मितीची प्रक्रिया सुधारून ती ओलांडता येत नाही. शिवाय चिप तापली की गळती आणखी वाढते आणि वाढलेली गळती चिपला आणखी तापवते. त्यामुळे व्होल्टेज १ व्होल्टच्या आसपास अडकले आणि ट्रान्झिस्टर लहान होत राहिले तरी फुकटचा वेग मिळणे थांबले.

## पेंटियम ४ चे उदाहरण

वरील तिन्ही मर्यादा इंटेल कंपनीच्या पेंटियम ४ मध्ये एकत्र आल्या. १९९३ मध्ये पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा होता. मार्च २००० मध्ये पेंटियम ३ ने १ गिगाहर्ट्झ गाठले होते. सात वर्षांत पंधरापट वाढ झाल्यामुळे ग्राहकांच्या दृष्टीने गिगाहर्ट्झ हाच वेग होऊन बसला होता.

नोव्हेंबर २००० मध्ये आलेला पेंटियम ४ सुरुवातीपासूनच उच्च वारंवारतेसाठी आखलेला होता. पेंटियम ३ च्या पाइपलाइनमध्ये सुमारे दहा टप्पे होते, पेंटियम ४ मध्ये वीस. त्यातील दोन टप्प्यांत कोणतीही आकडेमोड होत नसे. चिपच्या एका भागातून दुसऱ्या भागात संकेत पोहोचवण्यासाठीच ते राखून ठेवले होते. चक्र इतके लहान झाले होते की तारेतून जाण्याचा वेळही स्वतंत्र टप्पा म्हणून मोजावा लागला. पहिली प्रतिमाने १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झची होती. प्रति आज्ञा चक्रे वाढल्यामुळे काही प्रोग्रामांत १ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ त्यांची बरोबरी करू शके. पुढे वारंवारता वाढत गेल्यावर हा तोटा भरून निघेल, हा रचनेमागचा हिशेब होता. ही रचना १० गिगाहर्ट्झपर्यंत नेण्याची अपेक्षा कंपनीने त्या काळात व्यक्त केली होती.

काही काळ हिशेब बरोबर ठरला. नोव्हेंबर २००२ मध्ये ३.०६ गिगाहर्ट्झचे प्रतिमान आले. प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीच्या प्रोसेसरची वारंवारता कमी, पण प्रति आज्ञा चक्रेही कमी होती. ग्राहक मात्र केवळ गिगाहर्ट्झ पाहत. म्हणून त्या कंपनीने २००१ पासून नावातच वेगळा आकडा छापण्यास सुरुवात केली. उदाहरणार्थ, ‘अॅथलॉन एक्सपी १८००+’ हा प्रोसेसर प्रत्यक्षात १.५३ गिगाहर्ट्झचा होता.

फेब्रुवारी २००४ मध्ये ‘प्रेस्कॉट’ या सांकेतिक नावाची पुढील आवृत्ती आली. ती ९० नॅनोमीटर तंत्रज्ञानाने बनवलेली होती आणि तिच्या पाइपलाइनमध्ये तब्बल ३१ टप्पे होते. लांबलेल्या पाइपलाइनचे नुकसान भरून काढण्यासाठी कॅश दुप्पट केली होती आणि शाखांचा अंदाज बांधणारे मंडलही सुधारले होते. तरीही समान वारंवारतेला अनेक प्रोग्रामांत ती आधीच्या आवृत्तीपेक्षा वेगवान ठरली नाही, आणि गळतीमुळे तापत मात्र अधिक होती. मे २००४ मध्ये इंटेलने ‘तेजस’ या सांकेतिक नावाचा पुढील प्रोसेसर रद्द केला. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची योजनाही मागे घेण्यात आली. मालिकेतील सर्वाधिक वारंवारता ३.८ गिगाहर्ट्झवर थांबली. त्या प्रतिमानासाठी ११५ वॅट उष्णता वाहून नेणारी शीतन-व्यवस्था लागत असे.

जुलै २००६ मध्ये आलेल्या ‘कोअर २ डुओ’ मालिकेने दिशा पालटली. तिची पाइपलाइन १४ टप्प्यांची होती आणि एका चक्रात चार आज्ञा हाती घेण्याची तिची क्षमता होती. २.४ गिगाहर्ट्झच्या प्रतिमानाची मर्यादा ६५ वॅट होती. वारंवारता एक तृतीयांशाहून अधिक घटूनही ते ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ पेक्षा वेगवान होते. चक्रकाल वाढला होता, पण प्रति आज्ञा चक्रे त्याहून अधिक प्रमाणात घटली होती, आणि गुणाकार लहान झाला होता.

## त्यानंतरची वाटचाल

उष्णतेच्या सूत्राचा उलट दिशेने उपयोग केल्यास बहुगाभा प्रोसेसरमागचे कारण समजते. वारंवारता आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी कमी केल्यास शक्ती ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ०.५१ पट होते. पूर्वीच्या एका गाभ्याच्या उष्णतेत आता असे दोन गाभे बसतात. प्रत्येक गाभा ८० टक्के वेगाने चालला तरी दोघांचे मिळून काम १.६ पट होते. अट एकच, की काम दोन स्वतंत्र भागांत विभागता आले पाहिजे. ज्या प्रोग्रामची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या उत्तरावर अवलंबून असते, त्याला दुसऱ्या गाभ्याचा उपयोग होत नाही. उलट, गाभ्याचा वेग कमी झाल्याने तो मागे पडतो.

वारंवारतेची वाढ पूर्ण थांबलेली नाही, ती मंदावली आहे. २०१३ साली एएमडीच्या ‘एफएक्स-९५९०’ या प्रोसेसरने ५ गिगाहर्ट्झ गाठले, पण त्यासाठी २२० वॅटची मर्यादा ठेवावी लागली. जानेवारी २०२३ मध्ये इंटेलच्या ‘कोअर आय९-१३९००केएस’ ची कमाल वारंवारता ६ गिगाहर्ट्झ होती. तीही सर्व गाभ्यांची नव्हे, तर परिस्थिती अनुकूल असताना मोजक्या गाभ्यांची. २००४ मधील ३.८ पासून २०२३ मधील ६ पर्यंत एकोणीस वर्षांत दुप्पटही वाढ झालेली नाही.

## प्रत्यक्ष मोजणी

आधुनिक प्रोसेसरमध्ये आज्ञा आणि चक्रे मोजणारे गणक असतात. लिनक्स प्रणालीत ते पुढील आदेशाने वाचता येतात:

```
perf stat -e task-clock,cycles,instructions ./program
```

समजा, एखाद्या प्रोग्रामसाठी २६० कोटी चक्रे, १०० कोटी आज्ञा आणि १.३ सेकंद प्रोसेसर-वेळ असे उत्तर आले. चक्रांना आज्ञांनी भागले की प्रति आज्ञा चक्रे २.६ मिळतात. हा आदेश व्यस्त आकडा, म्हणजे प्रति चक्र आज्ञा, दाखवतो. येथे तो ०.३८ दिसेल. चक्रांना वेळेने भागले की प्रत्यक्ष सरासरी वारंवारता २ गिगाहर्ट्झ मिळते.

या दुसऱ्या भागाकाराचा उपयोग विशेष आहे. आजचे प्रोसेसर तापमानानुसार आपली वारंवारता सतत बदलत असतात. मिळालेला आकडा खोक्यावरील कमाल आकड्यापेक्षा बराच कमी असेल आणि प्रोग्राम जसजसा अधिक वेळ चालतो तसतसा तो घसरत असेल, तर प्रोसेसर उष्णतेमुळे स्वतःला आवरत असल्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी अधिक वारंवारतेचा प्रोसेसर घेण्यापेक्षा पंख्यावरील धूळ काढणे अधिक उपयोगी पडू शकते.

प्रोग्राम स्मृतीमुळे अडतो आहे की आकडेमोडीमुळे, हेही अशाच मोजणीतून कळते. तोच प्रोग्राम मुद्दाम कमी वारंवारतेला चालवून पाहावा. आज्ञासंख्या तीच राहील. वारंवारता निम्मी केल्यावर वेळ दुप्पट झाला आणि एकूण चक्रे तेवढीच राहिली, तर प्रोग्राम क्लॉकवर अवलंबून आहे. वेळ थोडाच वाढला आणि चक्रे घटली, तर बराचसा काळ स्मृतीच्या प्रतीक्षेत जात आहे आणि अधिक गिगाहर्ट्झचा त्याला फारसा लाभ होणार नाही.

## सूत्राच्या वापरातील मर्यादा

हे सूत्र प्रोसेसरने खर्च केलेला वेळ सांगते. डिस्कवरून माहिती येण्याची किंवा नेटवर्कच्या प्रतिसादाची वाट पाहताना प्रोग्राम प्रोसेसर सोडून देतो. तो काळ या हिशेबात येत नाही, जरी वापरणाऱ्याला तो जाणवतो. अनेक गाभ्यांवर चालणाऱ्या प्रोग्रामांत एक गाभा दुसऱ्याची वाट पाहत रिकामी आवर्तने करत असेल, तर त्याही आज्ञा मोजल्या जातात. परिणामी आज्ञासंख्या फुगते, प्रति आज्ञा चक्रे कमी दिसतात आणि प्रत्यक्ष काम मात्र पुढे सरकलेले नसते. म्हणून दोन प्रोसेसरांची तुलना करताना अखेर एकच मोजमाप ग्राह्य धरावे लागते, ते म्हणजे आपल्याला जो प्रोग्राम चालवायचा आहे तोच दोन्हींवर चालवून लागलेला वेळ. तो वेळ कमी-जास्त का झाला, हे शोधण्यासाठी सूत्रातील तीन राशी उपयोगी पडतात.